सरन्यायाधीशांच्या नेमणुकीचं एक वाक्य

२९ एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाच्या न्याय विभागाने एक अधिसूचना काढली. तिचा गाभा एकाच वाक्यात होता. संविधानाच्या अनुच्छेद १२४च्या खंड (२) अन्वये मिळालेल्या अधिकारानुसार राष्ट्रपती सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश भूषण रामकृष्ण गवई यांची १४ मे २०२५ पासून भारताचे सरन्यायाधीश म्हणून नियुक्ती करत आहेत, एवढंच त्यात म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी अमरावतीचा सुपुत्र, रा. सू. गवईंचा मुलगा, पहिला बौद्ध सरन्यायाधीश असे मथळे दिले. अधिसूचनेत यातलं काहीही नव्हतं. अधिकार कुठून आला, कोणाला नेमलं, ते आज कोणत्या पदावर आहेत, उद्या कोणत्या पदावर असतील आणि कधीपासून, इतकंच तिला सांगायचं असतं.

या वाक्यातला सर्वात बोलका शब्द शेवटचा, म्हणजे तारीख. १४ मे हा दिवस मंत्रालयाने निवडलेला नाही आणि गवईंनीही नाही. तो आधीचे सरन्यायाधीश संजीव खन्ना यांच्या जन्मतारखेने ठरवला. खन्नांचा जन्म १४ मे १९६० चा. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला वयाच्या पासष्टाव्या वर्षापर्यंत पदावर राहता येतं आणि कायद्याच्या हिशेबात पासष्ट वर्षं वाढदिवसाच्या आदल्या दिवशी पुरी होतात. त्यामुळे खन्नांचा शेवटचा दिवस १३ मे आणि पुढच्या माणसाचा पहिला दिवस १४ मे. केंद्र सरकारचा साधा कर्मचारी बहुधा त्या महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत नोकरीत राहतो. न्यायाधीशांना ती सवलत नाही.

हे एकदा लक्षात आलं की गेल्या काही वर्षांच्या अधिसूचना एका माळेत ओवता येतात. उदय लळीत यांचा जन्म ९ नोव्हेंबरचा, म्हणून धनंजय चंद्रचूड ९ नोव्हेंबर २०२२ पासून सरन्यायाधीश झाले. चंद्रचूडांचा जन्म ११ नोव्हेंबरचा, म्हणून खन्ना ११ नोव्हेंबर २०२४ पासून. गवईंचा जन्म २४ नोव्हेंबर १९६० चा, म्हणून सूर्य कांत २४ नोव्हेंबर २०२५ पासून. प्रत्येक नव्या सरन्यायाधीशाचा पहिला दिवस हा जुन्याचा पासष्टावा वाढदिवस असतो. कारकीर्द किती लांब असेल तेही यावरूनच ठरतं. रंगनाथ मिश्रा यांचा जन्म २५ नोव्हेंबर १९२६ चा आणि त्यांच्या जागी आलेल्या कमल नारायण सिंह यांचा १३ डिसेंबर १९२६ चा. सिंह १९९१ मध्ये जेमतेम अडीच आठवडे सरन्यायाधीश होते, आणि त्याचं कारण केवळ दोन जन्मतारखांमधलं हे अंतर. देशाच्या सर्वोच्च न्यायपदाचा कार्यकाळ जन्मदाखल्यावरून ठरावा ही गोष्ट मला तरी विचित्र वाटते, पण व्यवस्था तशी आहे खरी.

तारीख अशी आपोआप ठरते. नाव कसं ठरतं हे पाहायचं तर अधिसूचनेच्या मागचे तीन-चार आठवडे पाहावे लागतात. त्याची रीत 'मेमोरँडम ऑफ प्रोसिजर' या सरकारी दस्तऐवजात लिहिलेली आहे. योग्य वेळी केंद्रीय विधिमंत्री मावळत्या सरन्यायाधीशांकडे उत्तराधिकाऱ्याची शिफारस मागतात. पद सांभाळण्यास योग्य मानल्या गेलेल्या सर्वात ज्येष्ठ न्यायाधीशाची नेमणूक व्हावी, असा दंडक आहे. त्यांच्या योग्यतेविषयी शंका असेल तरच इतर न्यायाधीशांशी सल्लामसलत होते. शिफारस आली की मंत्री ती पंतप्रधानांपुढे ठेवतात, पंतप्रधान राष्ट्रपतींना सल्ला देतात, राष्ट्रपती नियुक्तीपत्रावर सही करतात आणि न्याय विभागाचे सचिव अधिसूचना राजपत्रासाठी पाठवतात. गवईंच्या बाबतीत खन्नांची शिफारस १६ एप्रिलची, अधिसूचना २९ एप्रिलची आणि पदभार १४ मेचा. गवईंनी सूर्य कांत यांचं नाव सुचवलं २७ ऑक्टोबरला आणि अधिसूचना ३० ऑक्टोबरलाच निघाली. म्हणजे सरकारच्या टेबलावर कागद कधी तेरा दिवस असतो, कधी तीन. मधले दिवस शांत गेले तर समजावं की नावावर कुणाचा आक्षेप नाही.

ज्येष्ठ म्हणजे वयाने मोठा नव्हे. सर्वोच्च न्यायालयात शपथ आधी कोणी घेतली हे पाहिलं जातं. एकाच दिवशी अनेकांनी घेतली असेल तर शपथेचा क्रम पाहिला जातो, आणि तो क्रम साधारणपणे उच्च न्यायालयात न्यायाधीश म्हणून आधी कोण आलं त्यावरून लावलेला असतो. गवई आणि सूर्य कांत या दोघांची शपथ एकाच दिवशी, २४ मे २०१९ रोजी झाली. त्या वेळी सूर्य कांत हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते, तर गवई मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. बाहेरच्या माणसाला मुख्य न्यायमूर्ती वरचढ वाटतील. पण गवई उच्च न्यायालयात आले नोव्हेंबर २००३ मध्ये आणि सूर्य कांत जानेवारी २००४ मध्ये. या दोन महिन्यांच्या फरकामुळे यादीत गवईंचं नाव वर राहिलं आणि बावीस वर्षांनी तेच आधी सरन्यायाधीश झाले.

हाच नियम जस्ती चेलमेश्वर यांच्या विरुद्ध गेला होता. ते आणि दीपक मिश्रा १० ऑक्टोबर २०११ रोजी एकाच दिवशी सर्वोच्च न्यायालयात आले. उच्च न्यायालयाचं मुख्य न्यायमूर्तिपद चेलमेश्वरांना आधी मिळालं होतं, पण न्यायाधीशपद मिश्रांना. शपथ मिश्रांची आधी झाली. ऑगस्ट २०१७ मध्ये सरन्यायाधीशपद रिकामं झालं तेव्हा अधिसूचनेत मिश्रांचं नाव आलं आणि चेलमेश्वर २०१८ च्या जूनमध्ये त्या पदाशिवायच निवृत्त झाले. त्या सकाळी शपथेचा क्रम उलटा लागला असता तर दहा महिने सरन्यायाधीश वेगळे असते.

ज्येष्ठतेचा हा दंडक संविधानात मात्र लिहिलेला नाही. अनुच्छेद १२४(२) राष्ट्रपतींना नेमणुकीचा अधिकार देतो, कोणाला नेमावं हे सांगत नाही. ही फट १९७३ मध्ये देशाने पाहिली. केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला २४ एप्रिलला, तेरा न्यायाधीशांत सात विरुद्ध सहा असा. सरन्यायाधीश सर्वमित्र सिक्री यांचा जन्म २६ एप्रिल १९०८ चा, म्हणून त्यांचा शेवटचा दिवस २५ एप्रिल. पुढची नेमणूक २६ एप्रिलपासून होणार हे ठरलेलंच होतं आणि तशीच ती झाली. तारीख अगदी नियमातली, पण नाव अजितनाथ राय यांचं. जे. एम. शेलाट, के. एस. हेगडे आणि ए. एन. ग्रोव्हर हे तिघे त्यांच्याहून ज्येष्ठ होते. हे तिघे निकालात सरकारला न रुचलेल्या बाजूला होते, राय दुसऱ्या बाजूला. तिघांनी राजीनामे दिले.

चार वर्षांनी तेच पुन्हा घडलं. राय २८ जानेवारी १९७७ ला निवृत्त झाले आणि २९ जानेवारीपासून मिर्झा हमीदुल्ला बेग यांची नेमणूक झाली. डावलले गेले हंसराज खन्ना. आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा हक्क शिल्लक राहतो की नाही, या खटल्यात पाच जणांपैकी एकट्या त्यांनी सरकारविरुद्ध मत दिलं होतं. त्यांनीही राजीनामा दिला. या दोन्ही अधिसूचनांची भाषा आजच्यासारखीच औपचारिक. त्यांत काही बिघडलं आहे हे कळायला वाचकाच्या हाती ज्येष्ठतेची यादी हवी. ती नसेल तर कागद निर्दोषच दिसतो.

ज्येष्ठ माणूस मागे राहण्याचं एक निराळं उदाहरणही आहे. १९६४ मध्ये साताऱ्यात जन्मलेले प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर सरन्यायाधीश झाले तेव्हा सय्यद जाफर इमाम त्यांच्याहून ज्येष्ठ होते, पण प्रकृतीने साथ न दिल्यामुळे ते बाजूला राहिले. मेमोरँडममधल्या 'योग्य मानल्या गेलेल्या' या शब्दांना असाही अर्थ आहे.

अधिसूचनेत काय नाही हेही पाहण्यासारखं आहे. तुलनेसाठी रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचा आदेश घ्या. ९ डिसेंबर २०२४ रोजी संजय मल्होत्रा यांची नेमणूक जाहीर झाली ती ११ डिसेंबरपासून तीन वर्षांसाठी किंवा पुढील आदेशापर्यंत. या शेवटच्या शब्दांत सरकार आपला हात मोकळा ठेवतं. सरन्यायाधीशांच्या अधिसूचनेत मुदतही नसते आणि 'पुढील आदेशापर्यंत'ही नसतं. मुदत वयाने ठरलेली असते, आणि त्याआधी पदावरून दूर करायचं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमताने ठराव व्हावा लागतो. मंत्रालयाला तिथे हात मोकळा ठेवण्याची सोयच नाही.

पार्श्वभूमी जोडली जाते ती परिचयपत्रात. गवईंचं परिचयपत्र सांगतं की १६ मार्च १९८५ ला त्यांनी वकिलीची सनद घेतली, माजी महाधिवक्ता व न्यायमूर्ती राजा भोसले यांच्याकडे काम केलं, नंतर मुख्यतः नागपूर खंडपीठापुढे वकिली केली, नागपूर आणि अमरावती महापालिकांचे आणि अमरावती विद्यापीठाचे वकील होते आणि १७ जानेवारी २००० पासून नागपूर खंडपीठात सरकारी वकील. वडील कोण, समाज कोणता, हे परिचयपत्र सांगत नाही. ते काम वर्तमानपत्रांचं, आणि इथे ते करणं योग्यच होतं. सरन्यायाधीशपदावर येणारे दलित समाजातले ते दुसरे, के. जी. बालकृष्णन यांच्यानंतरचे.

अधिसूचना निघाली तरी माणूस पदावर येतो तो शपथेने. १४ मे रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्यापुढे गवईंनी शपथ घेतली आणि सहा महिन्यांहून थोड्या अधिक काळाची त्यांची कारकीर्द सुरू झाली.

आता पुढचा हिशेब वाचकालाही मांडता येईल. सूर्य कांत यांचा जन्म १० फेब्रुवारी १९६२ चा, तेव्हा पुढची अधिसूचना १० फेब्रुवारी २०२७ ही तारीख घेऊन यावी. ज्येष्ठता पाळली गेली आणि मध्ये कोणी पद सोडलं नाही, तर नाव विक्रम नाथ यांचं असेल. ३१ ऑगस्ट २०२१ ला एकाच दिवशी नऊ न्यायाधीशांनी शपथ घेतली, त्यांतले ते एक. त्यांचा जन्म २४ सप्टेंबर १९६२ चा. त्यांच्यामागून त्याच तुकडीतल्या बी. व्ही. नागरत्ना येतात. त्यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९६२ चा, म्हणजे भारताच्या पहिल्या महिला सरन्यायाधीशांची कारकीर्द २४ सप्टेंबर ते २९ ऑक्टोबर २०२७, अवघी ३६ दिवसांची. उत्तराधिकाऱ्याचं नाव साधारण महिनाभर आधी विचारण्याची प्रथा आहे. तेव्हा त्यांनी शपथ घेतली की पहिल्याच आठवड्यात मंत्रालयाचं पत्र त्यांच्या टेबलावर येईल, पुढचं नाव सुचवा म्हणून.