माल दुसऱ्याचा, दुकान आपलं

गेल्या काही भागांपासून आम्हाला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "घरात माल भरायचा नाही, गाळा नको, फक्त मोबाइलवर दुकान टाकायचं. हे ड्रॉपशिपिंग खरं असतं का?" खरं असतं, पण त्यात पैसा कुठे गळतो हे कोणी सांगत नाही. आज आम्ही तेवढंच सांगणार आहोत.

आधी पद्धत समजून घेऊ. तुम्ही वेबसाइट काढता किंवा इन्स्टाग्रामवर पान उघडता आणि वस्तूचा फोटो टाकता. वस्तू तुमच्याकडे नसते, ती राजकोटच्या किंवा दिल्लीच्या पुरवठादाराच्या गोदामात असते. गिऱ्हाईक तुमच्याकडे ऑर्डर देतं, तुम्ही ती पुरवठादाराला कळवता, तो माल बांधून थेट गिऱ्हाइकाच्या पत्त्यावर पाठवतो. गिऱ्हाइकाने दिलेली किंमत आणि तुमचा खर्च यातला फरक तुमचा. व्हॉट्सअॅपवर साड्यांचे फोटो पाठवून वर आपले पन्नास रुपये लावणाऱ्या बायका आपण पाहिल्यात, हा त्याच्याच जवळचा प्रकार. फरक एवढाच की तिथे गिऱ्हाईक ओळखीचं असतं. इथे ते जाहिरात देऊन आणावं लागतं.

आता एक वस्तू घेऊन हिशेब मांडू. दोरी ओढली की कांदा बारीक होतो, तो प्लास्टिकचा चॉपर. आकडे समजण्यासाठी आम्ही धरले आहेत, तुमचे थोडे वेगळे येतील. पुरवठादार पॅकिंगसह १८० रुपयांना देतो. कुरियर आणि पैसे गोळा करण्याचं शुल्क मिळून ८० रुपये. एक ऑर्डर यावी म्हणून जाहिरातीला सरासरी १२० रुपये जातात. विक्री ४९९ रुपयांना. म्हणजे एका चॉपरमागे ११९ रुपये उरतात. शंभर विकले की अकरा हजार नऊशे! बहुतेक व्हिडिओ इथेच संपतात.

पण आपल्याकडे बरेच लोक अजून कॅश ऑन डिलिव्हरीनेच मागवतात. परदेशातल्या व्हिडिओंत गिऱ्हाईक कार्डाने आधी पैसे देतं, त्यामुळे ते गणित इथे जसंच्या तसं लागू होत नाही. आपल्याकडच्या गिऱ्हाइकाचा दारात पार्सल येईपर्यंत एक रुपयाही अडकलेला नसतो. "नको आता" म्हटलं की पार्सल माघारी जातं. कुरियरवाले याला आरटीओ म्हणतात. गाडीच्या लायसन्सचं ऑफिस नव्हे, पाठवणाऱ्याकडे परत गेलेलं पार्सल.

अशा पार्सलाचा खर्च बघा. जाताना ८० रुपये गेलेच. परतीचे समजा ६० रुपये. जाहिरातीचे १२० तर कधीच गेलेले. एकूण २६० रुपये, आणि हातात काही नाही. दोन चॉपर नीट विकून २३८ रुपये मिळतात, तेही याला पुरत नाहीत.

शंभर पार्सलांपैकी तीस परत आली असं धरा. सत्तर पोचली, त्यांचे ८,३३० रुपये मिळाले. तिसांवर ७,८०० गेले. उरले ५३०. महिनाभर फोन, मेसेज, तक्रारी सांभाळून पाचशे तीस! त्यात परत आलेल्यांपैकी पाच फुटके निघाले आणि पुरवठादाराने ते घेतले नाहीत, तर आणखी ९०० जातात आणि धंदा तोट्यात येतो. नेट रिचार्ज आणि वेबसाइटचं भाडं यात आम्ही धरलंच नाही.

मग पार्सलं परत का येतात? काही गिऱ्हाइकं गमतीनेच ऑर्डर करतात, काहींचे पत्ते अर्धवट असतात. पण नवख्या बाईला सगळ्यात जास्त उशीर नडतो, आणि तो कुठे होतो हे तिला दिसतही नाही.

समजा खटाव तालुक्यातल्या एका गावातल्या ताईंनी शनिवारी रात्री नऊला चॉपर मागवला. रविवारी पुरवठादार बंद. सोमवारी तुम्ही ऑर्डर पुढे पाठवली. त्याच्याकडे लाल रंग संपलाय, तुम्ही हिरवा चालेल का विचारलंत, मंगळवार उजाडला. मंगळवारी संध्याकाळी कुरियरने पार्सल उचललं. तिथून अहमदाबाद, मग पुण्याजवळचं गोदाम, मग सातारा. मध्ये पुन्हा एक रविवार. गावात माणूस पोचला तो पुढच्या मंगळवारी, म्हणजे दहाव्या दिवशी. तोवर ताईंनी बाजारातून साडेतीनशेचा चॉपर आणलेला असतो, किंवा घरात रोख पैसे नसतात, किंवा त्या शेतात असतात आणि फोन लागत नाही. कुरियरवाला साधारणपणे दोन-तीनदा येऊन बघतो, नाहीतर "गिऱ्हाईक उपलब्ध नाही" असा शेरा मारून पार्सल परत पाठवतो.

या दहा दिवसांतले पहिले तीन गोदामात गेले, रस्त्यावर नाही. म्हणून वहीत दोन तारखा लिहा, ऑर्डर आली तो दिवस आणि कुरियरने पार्सल उचललं तो दिवस. मध्ये सारखे तीन-चार दिवस दिसले तर कुरियर बदलून उपयोग नाही, पुरवठादार बदलायला हवा.

उशिराचा दुसरा फटका रोखीचा. गिऱ्हाइकाने दिलेले पैसे आधी कुरियर कंपनीकडे जातात आणि ते तुमच्या खात्यात यायला साधारण आठवडाभर लागतो. जाहिरातीचे पैसे मात्र रोज कापले जातात. पुरवठादाराला आगाऊ द्यावे लागतात. म्हणजे "भांडवल लागत नाही" हे म्हणणं अर्धंच खरं. माल साठवायला लागत नसलं तरी वाट बघायला लागतंच.

कायद्याचंही थोडं. २०२० च्या ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियमांनुसार, सांगितलेल्या मुदतीनंतर पोचलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, नैसर्गिक आपत्तीसारखं कारण असेल तर गोष्ट वेगळी. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने विक्रेता तुम्हीच, राजकोटचा पुरवठादार नाही. म्हणून पानावर "तीन दिवसांत घरपोच" असं लिहू नका. आणि स्वतःच्या वेबसाइटवरून दुसऱ्या राज्यात माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी सहसा जीएसटी नोंदणी लागते. हे सुरुवात करण्याआधी जवळच्या कर सल्लागाराला विचारा.

ज्यांना तरीही करून बघायचंय त्यांनी पहिली ऑर्डर स्वतःच्याच बहिणीच्या गावी द्यावी. किती दिवस लागले, डबा कसा आला, पाते धारदार आहे का, ते तिच्याकडूनच कळेल. मग आलेल्या प्रत्येक ऑर्डरला त्याच संध्याकाळी फोन करा. "ताई, साधारण आठवडा लागेल, चालेल ना? जवळची खूण सांगा." नको म्हणणारी तिथेच गळतील. जाहिरातीचे १२० गेले तरी कुरियरचे १४० वाचतील. आधी पैसे देणाऱ्याला तीस रुपये सूट द्या, अशी पार्सलं क्वचितच परत येतात. आणि एखादी वस्तू सारखी जायला लागली की तिचे वीस नग घरी आणून ठेवा. गोदामातले ते तीन दिवस वाचतात.

आपल्या चॉपरच्या हिशेबात शंभरातली एकतीस परत आली की नफा जवळजवळ संपतो. तुमच्या वस्तूचा असा आकडा आधी काढून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. परतीची पार्सलं त्याच्या जवळ जायला लागली की जाहिरात त्याच दिवशी थांबवा, कारण रस्त्यात असलेली पार्सलं अजून मोजायची राहिलेली असतात.