बसते कशाला, बसत नाही कशाला

मोबाईलच्या कव्हरांचा व्यापार जोवर दुकानाच्या काउंटरावर चालत होता, तोवर कोणते कव्हर कोणत्या फोनला बसते हे लिहून ठेवण्याची गरज कोणालाच भासली नव्हती. गिऱ्हाईक आपला फोन काढून देई, दुकानदार त्याच्या पाठीवर कव्हर चढवून दाखवी, आणि खातरजमा तिथल्या तिथे होऊन जाई. गेल्या दशकात हा व्यवहार पडद्यावर गेला तेव्हा दुकानदाराच्या हातांचे ते काम एका ओळीच्या मजकुरावर येऊन पडले. ती ओळ लिहिण्याची वहिवाट सुरुवातीला कमालीची ढिसाळ होती: फोनचे बाजारातले नाव लिहावे आणि मोकळे व्हावे.

या वहिवाटीचे वैगुण्य २०१८ साली जितके स्पष्ट झाले तितके क्वचितच झाले असेल. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत शाओमीने भारतात रेडमी नोट ५ आणि रेडमी नोट ५ प्रो असे दोन फोन आणले. त्यांतला पहिला म्हणजे इतर देशांत रेडमी ५ प्लस या नावाने विकला जाणारा फोन. आणि पुढच्याच महिन्यात चीनमध्ये रेडमी नोट ५ या नावाने जो फोन निघाला, तो मात्र आपल्याकडच्या प्रोचा सख्खा भाऊ. कव्हरांचे साचे चीनमध्ये पडत असल्यामुळे तिथल्या खोक्यावर ‘नोट ५’ असे छापलेला माल प्रोच्या मापाचा असण्याचा संभव मोठा होता, आणि आपल्याकडचा विक्रेता खोक्यावरचे नाव जसेच्या तसे वर्णनात उतरवून घेत असे.

आता या घोटाळ्यातली खरी मेख पाहावी. एका फोनची लांबी-रुंदी १५८.५ गुणिले ७५.५ मिलिमीटर, दुसऱ्याची १५८.६ गुणिले ७५.४, आणि जाडी दोघांचीही ८.०५, म्हणजे एकाचे कव्हर दुसऱ्यावर चढायला फारशी हरकत नाही. फरक आहे तो पाठीवर. आपल्या नोट ५ ला मधोमध एकच कॅमेरा, तर प्रोला डाव्या कोपऱ्यात एकाखाली एक असे दोन. कव्हर चढते, परंतु कॅमेरा प्लास्टिकच्या आड जातो. गिऱ्हाईक परतीच्या कारणांत ‘बसत नाही’ एवढाच पर्याय निवडतो; विक्रेता ते वाचून पट्टी घेऊन लांबी-रुंदी तपासतो, ती बिनचूक निघते, आणि दोष गिऱ्हाइकाच्या माथी जातो. अशा वेळी परतीचा शेरा बाजूला ठेवून गिऱ्हाइकाने पाठवलेले छायाचित्र पाहणे हाच खरा तपास. कॅमेऱ्याचे छिद्र भलत्याच जागी दिसले की नावाचा घोळ आहे हे समजावे.

पुष्कळ विक्रेत्यांनी यावर जो उपाय योजला तो मूळ रोगाहून वाईट होता: शीर्षकातच ‘नोट ५ / ५ प्रो / ५ प्लस’ अशी नावांची मोळी बांधायची, म्हणजे शोधणारा कोणीही येवो, माल त्याच्या दृष्टीस पडावा. दृष्टीस पडला, विकला गेला, आणि तितक्याच तत्परतेने परतही आला. याच्या उलट, जाणत्या हाताने लिहिलेला मजकूर साधारण असा असावा:

‘शाओमी रेडमी नोट ५ साठी (भारतातील आवृत्ती, २०१८, मॉडेल MEI7, अन्य देशांत रेडमी ५ प्लस). पाठीवर मधोमध एक कॅमेरा असलेल्या फोनलाच उपयुक्त. रेडमी नोट ५ प्रो ला चालणार नाही.’

यात मॉडेल क्रमांक आहे तो खोक्याशी ताडून पाहणाऱ्यासाठी. कॅमेऱ्याची खूण आहे ती खोके केव्हाच रद्दीत घातलेल्या बहुसंख्यांसाठी. आणि नकाराचे वाक्य आहे ते नेमक्या त्या माणसासाठी, जो चुकण्याच्या बेतात आहे. मात्र नकारातले नाव शीर्षकात न घालता वर्णनात ठेवावे, नाहीतर प्रो शोधणाराच त्या नावाच्या ओढीने तिथे येऊन पोहोचतो. दोन वर्षांनी ॲपलने आयफोन एसई हे २०१६ चे नाव आयफोन ८ च्या आकाराच्या, म्हणजे बऱ्याच मोठ्या, फोनला पुन्हा दिले, तेव्हा क्रमांक आणि देश यांच्या जोडीला सालही लिहिणे अपरिहार्य झाले.

प्रिंटरच्या शाईच्या बाबतीत तर इतके सारे लिहूनही विधान कायमचे खरे राहील याची शाश्वती नसते, कारण तिथे माप साच्यापुरते संपत नाही. नळीवरची चिप प्रिंटरला पटावी लागते. १३ सप्टेंबर २०१६ रोजी एचपीच्या अनेक ऑफिसजेट प्रिंटरांनी, आधीच आत येऊन बसलेल्या फर्मवेअरच्या हुकुमाने, काल-परवापर्यंत बिनतक्रार चालणाऱ्या परक्या शाईनळ्या एकाएकी नाकारल्या. ओरड झाल्यावर कंपनीने दिलगिरी व्यक्त केली आणि ते बंधन काढणारे फर्मवेअर देऊ केले. परंतु विक्रेत्याचे वर्णन लिहिले त्या दिवशी खरे होते आणि १३ तारखेला खोटे ठरले. त्यामुळे पर्यायी शाईनळीच्या मजकुरात प्रिंटरच्या क्रमांकासोबत ती कोणत्या फर्मवेअरवर आणि कोणत्या तारखेला चालवून पाहिली, हेही नमूद करावे लागते, आणि नवे फर्मवेअर आले की ती चाचणी पुन्हा करून तारीख बदलावी लागते.