पायरीवरून हात जोडणाऱ्यांचा प्रबंध

आषाढीला पंढरपुरात दर्शनाची रांग इतकी लांबते की कितीतरी वारकरी चंद्रभागेत स्नान करतात, नामदेव पायरीवर माथा टेकतात, कळसाला हात जोडतात आणि परतीची वाट धरतात. विठ्ठलाच्या पायांवर डोकं न ठेवताही त्यांची वारी पुरी झालेली असते. मंदिराच्या नोंदवहीत मात्र हे दर्शन कुठेच येत नाही. धर्मसंस्था जे मोजते आणि माणसं जे करतात, त्यांतलं हे अंतर धर्माच्या अभ्यासकांना फार दिवसांपासून खुणावतं आहे. रॉबर्ट ओर्सी, मेरेडिथ मॅग्वायर यांच्यासारख्या अभ्यासकांनी माणसांच्या रोजच्या जगण्यातल्या धर्माकडे याच दृष्टीने पाहिलं.

समजा, एखाद्या विद्यार्थिनीने एम.ए.च्या प्रबंधासाठी हाच विषय घेतला. पहिला मसुदा बहुधा असा असतो : ‘पंढरपुरातील संस्थात्मक धर्म आणि लोकांचा जगलेला धर्म : एक अभ्यास’. हा झाला विषय, प्रश्न नव्हे. त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येत नाही, म्हणून तो चुकूही शकत नाही.

पहिली अडचण ‘संस्था’ या शब्दाशीच येते. पंढरपुरात मंदिर समिती आहे, तसे मठ आहेत आणि वारकऱ्यांचे फडही आहेत. फडांना स्वतःचे नियम आणि परंपरा असतात. मंदिराचा कारभारही कायम एकाच हाती नव्हता. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपवणारा कायदा १९७३चा असला, तरी कोर्टकज्जे चालत राहिले आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१४मध्ये लागला. म्हणून विद्यार्थिनीने संस्था म्हणजे फक्त मंदिर समिती, असं ठरवून टाकावं आणि फड का वगळले ते प्रस्तावनेत सांगावं.

दुसरी निवड माणसांची. आषाढीचे यात्रेकरू गावाचे रहिवासी नाहीत. प्रबंध एका गावाबद्दल असेल, तर बाराही महिने तिथे राहणारी माणसं घ्यावीत : फुलंवाली, लॉजवाला, शाळेतली शिक्षिका. मग प्रश्नाला आकार येतो : ‘मंदिर समितीने आखलेल्या दर्शनपद्धतीशी पंढरपूरचे रहिवासी आपल्या रोजच्या विठ्ठलभक्तीत कसं नातं ठेवतात?’ इथे ‘विरुद्ध’ हा शब्द मुद्दाम टाळलेला आहे. विरोध आहे की नाही, हेच तर शोधायचं आहे.

उपप्रश्न पाडताना प्रत्येकापुढे पुरावा कुठून मिळेल, ते लिहावं. समिती कोणत्या दर्शनाला दर्शन मानते? त्यासाठी कायदा, काकड आरतीपासून शेजारतीपर्यंतचं वेळापत्रक आणि रांगेचे फलक पाहावेत. रहिवासी प्रत्यक्षात कुठे, केव्हा थांबतात? त्यासाठी महाद्वाराशी बसून निरीक्षण करावं, साध्या आठवड्यात आणि एकादशीच्या आठवड्यातही. त्या थांबण्याला ते काय अर्थ देतात? त्यासाठी मुलाखती.

चौथा उपप्रश्न सगळ्यांत फलदायी ठरेल : दार बंद असतं तेव्हा काय होतं? २०२०मध्ये साथीमुळे मंदिर कित्येक महिने बंद होतं. याहून जुनी आठवणही आहे. दलितांना मंदिरप्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींनी १९४७मध्ये उपोषण केलं, तोवर त्यांना आत जाताच येत नव्हतं. चोखोबांची समाधीही नामदेव पायरीजवळ, मंदिराबाहेरच आहे. त्या घरांमध्ये पायरीवरच्या नमस्काराचा अर्थ वेगळा निघू शकतो. म्हणून मुलाखतीसाठी माणसं निवडताना एकाच आळीत थांबून चालणार नाही.

मुलाखतीत कुठे घसरायला होतं, ते इंग्लंडमधल्या केंडल गावाच्या अभ्यासातून कळतं. पॉल हीलस आणि लिंडा वुडहेड यांच्या गटाने या एका गावात विचारलं : चर्चचा धर्म ओसरून त्याची जागा वैयक्तिक अध्यात्म घेतं आहे का? प्रश्न नेमका होता, म्हणून मोजताही आला. एका ठराविक रविवारी चर्चला आलेल्यांचं प्रमाण लोकसंख्येच्या ७.९ टक्के निघालं, तर योग, रेकी यांसारख्या उपक्रमांत भाग घेणाऱ्यांचं १.६ टक्के. पण त्या उपक्रमांतल्या जवळपास निम्म्या लोकांना आपण करतो ते आध्यात्मिक वाटतच नव्हतं. टीकाकारांनी नेमकं इथेच बोट ठेवलं.

पंढरपुरातही हे होऊ शकतं. दुकान उघडताना कळसाकडे पाहून हात जोडणाऱ्याला ‘तुमची भक्ती मंदिरापेक्षा वेगळी आहे का?’ असं विचारलं, तर तो विचारणाऱ्याला हवं ते उत्तर देईल. ‘काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?’ असं विचारलं, तर हात जोडणं आपसूक बोलण्यात येईल किंवा येणारही नाही. दोन्हीची नोंद करायची. तीन-चार मुलाखतींनंतर उपप्रश्न पुन्हा वाचावेत. ज्याला एकाही मुलाखतीतून उत्तर मिळालेलं नाही, तो गाळावा किंवा नव्याने मांडावा. बहुतेक रहिवासी समितीच्याच वेळापत्रकाने चालतात असं निघालं, तरी प्रबंध पडत नाही. मुख्य प्रश्नाचं तेही उत्तरच असतं.