सारखी रेघ शोधा

यावलच्या शाळांतली आठवीची मुलं एनएमएमएस परीक्षेला बसतात, तेव्हा बौद्धिक क्षमता चाचणीत 90 मिनिटांत 90 प्रश्न सोडवायचे असतात. त्यात नऊ घरांची आकृती आली, की ओळीतली पहिली दोन घरं मिळून तिसरं कसं झालं ते पाहावं.

समजा, पहिल्या घरात चौकोन आणि उभी रेघ आहे, दुसऱ्यात चौकोन आणि आडवी रेघ. तिसऱ्यात चौकोनासह अधिकचं चिन्ह असेल, तर आकृत्या एकमेकींवर ठेवल्या आहेत. नुसतं अधिकचं चिन्ह असेल, तर दोन्हीकडचा चौकोन कटला. मात्र पहिल्या दोन घरांत एकही रेघ सारखी नसेल, तर दोन्ही नियमांनी उत्तर एकच येतं. मुलं फसतात ती इथेच. अशा ओळीवरून नियम ठरवू नये, दुसरी ओळ तपासावी.