चुकीचा उतारा, चुकीचे उत्तर

प्रश्नोत्तर प्रणाली आधी दस्तऐवजांतून चार-पाच उतारे शोधून काढते आणि भाषा-मॉडेल त्यांच्या आधारे उत्तर लिहिते. म्हणून उत्तर चुकले की प्रथम ते उतारे वाचून पाहावेत. योग्य उतारा त्यांत नसेल, तर दोष शोधात असतो.

समजा, कपडे धुण्याच्या यंत्राच्या दुरुस्ती-पुस्तिकेवर अशी प्रणाली चालते. तंत्रज्ञ विचारतो, ‘E21 दिसतो आहे, काय करावे?’ पुस्तिकेनुसार E21 म्हणजे यंत्रातले पाणी बाहेर न जाणे. पण उत्तर येते E12 चे, नळ तपासण्याचे. असे होते, कारण शोध केवळ एम्बेडिंगवर चालतो. एम्बेडिंग म्हणजे मजकुराचा अर्थ टिपणारी आकड्यांची लांबलचक यादी. ‘पाणी तुंबले’ आणि ‘पाणी बाहेर जात नाही’ यांचे नाते तिला कळते. E12 आणि E21 मधला फरक मात्र तिच्यात पुसट होतो. योग्य उतारा त्यामुळे चौदाव्या क्रमांकावर जातो.

येथे जुना शब्दशोध उपयोगी पडतो. बीएम२५ हे त्याचे प्रचलित सूत्र दुर्मीळ शब्दाला जास्त वजन देते, त्यामुळे ‘E21’ असलेला योग्य उतारा पहिला येतो. मात्र समानार्थी शब्द त्याला ओळखता येत नाहीत. मराठीत तर मूळ शब्द वेगळा काढला नाही, तर ‘पंप’ आणि ‘पंपाचा’ हेही त्याला दोन निराळे शब्द वाटतात. म्हणून दोन्ही शोध सोबत चालवावे लागतात.

दोन्हींच्या गुणांची मापे वेगळी असल्याने गुणांऐवजी क्रमांक जोडतात. प्रत्येक यादीतील क्रमांकात ६० मिळवून त्याने १ ला भागायचे आणि येणाऱ्या संख्यांची बेरीज करायची. योग्य उताऱ्याला १/७४ + १/६१, म्हणजे सुमारे ०.०२९९ मिळतात. E12 चा उतारा एम्बेडिंगच्या यादीत पहिला असला, तरी शब्दशोधात नसल्याने ०.०१६४ वरच थांबतो. पण संकेतांची अनुक्रमणिका एका यादीत दुसरी आणि दुसरीत चौथी असल्याने ०.०३१८ मिळवून सर्वांच्या पुढे जाते. तिच्यात E21 आहे, उपाय नाही.

ही चूक फेरक्रमवारी, म्हणजे रीरँकिंग, सुधारू शकते. त्यासाठीचे मॉडेल प्रश्न आणि उतारा एकत्र वाचून उत्तर खरोखर तिथे आहे का, हे जोखते. प्रत्येक जोडी प्रश्न आल्यावरच वाचावी लागत असल्याने हे काम संथ असते. म्हणून पहिले पन्नासेक उतारेच त्याच्याकडे देतात आणि त्यांतले वरचे चार पुढे पाठवतात.

तपासणीसाठी काही खऱ्या प्रश्नांचे योग्य उतारे आधीच नोंदवून ठेवावेत. योग्य उतारा पन्नासांत असून चारांत नसेल, तर फेरक्रमवारी चुकते आहे. तो पन्नासांतही नसेल, तर फेरक्रमवारी काहीच करू शकत नाही. अशा वेळी शब्दशोध, एम्बेडिंग किंवा मजकुराचे तुकडे पाडण्याची पद्धत सुधारावी लागते.