सर्वांत लवकर उतरणारी वाट

१६९६ साली योहान बर्नोली यांनी युरोपातल्या गणितज्ञांना विचारले: घर्षण नसेल, तर मणी वरच्या बिंदूपासून तिरक्या खालच्या बिंदूपर्यंत कोणत्या वाटेने सर्वांत लवकर पोहोचेल? सरळ रेषा सर्वांत आखूड, पण सर्वांत जलद नव्हे.

इथे अज्ञात आहे ती एखादी संख्या नव्हे, अख्खी वाट. y इतके खाली उतरल्यावर वेग √(2gy) होतो. वाटेचा प्रत्येक तुकडा त्या वेगाने भागून बेरीज केली की एकूण वेळ मिळतो. आता खरी वाट मधेच किंचित वाकवून पाहा. ती सर्वांत जलद असेल, तर एवढ्याशा बदलाने वेळेत पहिल्या पायरीचा फरक पडताच कामा नये. ऑयलर आणि लाग्रांज यांनी पुढे ही अट सर्वसाधारण रूपात मांडली. इथे ती लावली की उरते एवढेच:

y(1 + y′²) = 2a

y′ म्हणजे उतार. सुरुवातीला y शून्य, म्हणून उतार अनंत हवा: मणी आधी सरळ खाली कोसळतो आणि वेग कमावतो. मला हा क्षण फार सुंदर वाटतो. y = 2a झाला की उतार शून्य. हा वक्र म्हणजे चक्रज, सपाट रस्त्यावर धावणाऱ्या चाकाच्या कडेवरचा ठिपका काढतो तोच, फक्त उलटा. आडवे अंतर खोलीच्या π/2 पटीहून जास्त असेल, तर सर्वांत जलद वाट शेवटच्या बिंदूच्याही खाली जाऊन पुन्हा वर चढते.