मोठ्या कंपनीवरचे बिल वटवताना

समजा, भोसरीतल्या एका लघुउद्योगाने मोठ्या वाहन कंपनीला १० लाख रुपयांचे सुटे भाग पुरवले. पैसे ४५ दिवसांनी मिळणार, पण पोलादवाल्याला आजच द्यायचे आहेत. अशा वेळी उद्योजक बँकेकडे बिल वटवायला, म्हणजेच बिल डिस्काउंटिंगला जातो.

बँक आधी पाहते ती खरेदीदाराची पुष्टी. ‘आपले बिल मिळाले’ एवढ्या ईमेलने काम भागत नाही. माल पोचला, तपासणीत पास झाला, अमुक रक्कम अमुक तारखेला देणे आहे आणि ती याच बँकेच्या खात्यात जमा करू, एवढे त्यात स्पष्ट हवे. कारण माल गेटवर उतरवून घेतला, तरी तपासणीत काही भाग नाकारले जातात आणि तेवढ्या रकमेची डेबिट नोट येते.

आपल्या उदाहरणात ४० हजारांचे भाग नाकारले गेले, म्हणून कंपनीने ९ लाख ६० हजारांचीच पुष्टी दिली. अर्जात हाच आकडा लिहायचा. मुदतीचे ४० दिवस उरले आहेत आणि दर साल १० टक्के धरला, तर व्याज सुमारे १०,५२० रुपये होते. ते आधीच कापून बँक ९,४९,४८० रुपये देईल. प्रक्रिया शुल्क वेगळे. मूळ १० लाखांवर रक्कम उचलली असती, तर मुदतीला पडणारी तूट उद्योजकाच्याच खात्यातून वळती झाली असती.

अर्जासोबत बिल, खरेदी आदेश, डिलिव्हरी चलन, पुष्टी आणि उद्यम नोंदणी जोडावी. उद्योजकाचे कॅश क्रेडिट दुसऱ्या बँकेत असेल, तर सगळी येणी बहुधा तिच्याकडे तारण असतात. तिचे ना-हरकत पत्र घ्यावे आणि वटवलेले बिल मासिक स्टॉक स्टेटमेंटमधून वगळावे, नाहीतर एकाच बिलावर दोनदा कर्ज उचलल्यासारखे होते. बिल वगळले की ड्रॉइंग पॉवरही तेवढी घटते, हे आधीच हिशेबात धरावे.

मंजुरीपत्रात ‘विथ रिकोर्स’ लिहिले आहे का, तेही पाहावे. तसे असेल, तर कंपनीने पैसे थकवल्यावर बँक ते उद्योजकाकडून वसूल करते. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणाऱ्या ‘ट्रेड्स’ मंचांवर मात्र ही जबाबदारी पुरवठादारावर येत नाही. तिथे खरेदीदार बिल ऑनलाइन मान्य करतो, त्यावर बँका दर लावतात आणि मुदतीला पैसे थेट खरेदीदाराच्या खात्यातून कापले जातात. म्हणून खरेदीदार ‘ट्रेड्स’वर नोंदलेला आहे का, हे बँकेत जाण्याआधी त्याच्या खरेदी विभागाकडे विचारून घ्यावे.